‘झोपला असेल’चं इंग्रजी काय? दिलेल्या वेळेला काय चालू असेल आणि काय झालेलं असेल

बारावीच्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं : ‘अ‍ॅट इलेव्हन पीएम, माय फादर विल हॅव स्लेप्ट.’ तिला म्हणायचं होतं, रात्री अकराला बाबा झोपलेले असतील. सूत्र बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी वाक्य चूक. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून कळतं की अकरा वाजता बाबांची झोप आटोपलेली असेल, म्हणजे ते झोपून उठलेले असतील. ही चूक आळशीपणाची नाही. ती थेट मराठीतून आली आहे, आणि पूर्ण व चालू भविष्यकाळाच्या प्रश्नांत आपली मुलं जिथे जिथे अडखळतात, तिथे बहुतेक वेळा मराठीचा असाच एखादा धागा सापडतो. म्हणून नियमांच्या यादीपेक्षा हे धागे आधी सोडवून घेऊ.

सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, तरी एकदा समोर असू देत. पहिलं चालू भविष्यकाळाचं, म्हणजे फ्यूचर कंटिन्युअसचं. दुसरं पूर्ण भविष्यकाळाचं, म्हणजे फ्यूचर परफेक्टचं.

```
will be + V-ing
will have + V3
```

कर्ता कोणीही असो, यात काही बदलत नाही. ‘शी’ आली म्हणून ‘हॅव’चं ‘हॅज’ होत नाही, कारण ‘विल’नंतर क्रियापद मूळ रूपातच येतं. आणि V3 म्हणजे तिसरं रूप : ‘गॉन’, ‘वेंट’ नव्हे, ‘रिटन’, ‘रोट’ नव्हे. रूपांबद्दल एवढं पुरे. खरा प्रश्न दोहोंतलं कोणतं निवडायचं हा आहे.

आधी रेघ काढा

या प्रश्नांत नेहमी भविष्यातली एक वेळ दिलेली असते : उद्या दुपारी बारा, येता शुक्रवार, तू येशील तेव्हा. वहीच्या समासात एक आडवी रेघ काढा. डावीकडे ‘आत्ता’ लिहा. उजवीकडे दिलेल्या वेळेची उभी खूण करा. मग ते काम कधी सुरू होतं आणि कधी संपतं, तेवढा भाग रेघेवर जाड करा. आता फक्त बघायचं, खूण कुठे पडली.

खूण जाड भागाच्या आत पडली, तर त्या वेळी काम चालू आहे : ‘विल बी’ आणि ‘आयएनजी’. खूण जाड भागाच्या उजवीकडे पडली, तर काम आधीच उरकलंय : ‘विल हॅव’ आणि तिसरं रूप. खूण जाड भागाच्या डावीकडे पडली, तर काम अजून सुरूच झालेलं नाही. ही तिसरी शक्यता मुलं विसरतात. प्रश्नात नकारार्थी उत्तर हवं असतं ते बऱ्याचदा इथेच : ‘वोन्ट हॅव स्टार्टेड येट’.

पहिले दहा-बारा प्रश्न तरी रेघ काढूनच सोडवा, असा माझा आग्रह असतो. डोक्यात अंदाज बांधणाऱ्या मुलांचं लक्ष ‘अ‍ॅट’ आणि ‘बाय’वर जातं आणि ती शब्द पाहून सूत्र चिकटवतात. रेघ काढणाऱ्यांना आधी गोष्ट कळते, शब्द नंतर येतात.

‘पर्यंत’ हा एक शब्द दोन कामं करतो

‘मी पाचपर्यंत काम करीन’ आणि ‘मी पाचपर्यंत काम संपवीन’. दोन्ही वाक्यांत ‘पर्यंत’ आहे आणि मराठीत कुणालाच अडचण होत नाही, कारण क्रियापद सगळं सांगून टाकतं. पहिल्यात काम पाचला थांबतं, म्हणजे जाड रेघ पाचला येऊन टेकते. दुसऱ्यात पाच ही मुदत आहे. काम चारला संपलं तरी चालेल, साडेचारला संपलं तरी चालेल, पाचच्या पुढे जाऊ नये.

इंग्रजीला इथे दोन वेगळे शब्द लागतात. टेकणाऱ्या ‘पर्यंत’ला ‘अनटिल’ किंवा ‘टिल’, मुदतीच्या ‘पर्यंत’ला ‘बाय’. पूर्ण भविष्यकाळाचा जिवलग सोबती म्हणजे हा मुदतीचा ‘बाय’. ‘आय विल हॅव फिनिश्ड बाय फाइव्ह’ बरोबर आहे. ‘आय विल हॅव फिनिश्ड अनटिल फाइव्ह’ इंग्रजीत बसत नाही, कारण संपणं ही गोष्ट पाच वाजेपर्यंत लांबत जात नाही.

कोणता ‘पर्यंत’ आहे हे ओळखायला मराठीतच एक सोय आहे. त्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत काम संपवीन’ सरळ लागतं, म्हणून ‘बाय’. ‘दुकान पाचच्या आत उघडं राहील’ म्हटलं की कान लगेच अडतो, म्हणून तिथे ‘अनटिल’.

पण ‘बाय’ दिसला की डोळे मिटून ‘विल हॅव’ लिहू नका. ‘बाय टेन, आय विल बी ड्रायव्हिंग’ हेही चांगलं इंग्रजी आहे. त्याचा अर्थ, दहाच्या आत कधीतरी मी गाडी चालवायला लागलेलो असेन आणि दहाला चालवत असेन. परीक्षेच्या प्रश्नांत हे क्वचित येतं. पण आलं तर रेघ वाचवते : खूण जाड भागाच्या आत आहे ना, मग चालू भविष्यकाळ.

‘असेल’ म्हणजे नेहमी भविष्य नव्हे

‘तो जेवला असेल’ हे वाक्य आपण कधी म्हणतो? बहुतेक वेळा आत्ताबद्दल. कुणी विचारलं, ‘दादा जेवला का रे?’ तर आपण घड्याळ बघून म्हणतो, ‘जेवला असेल.’ हा अंदाज झाला, भविष्य नव्हे. मराठीचं ‘असेल’ ही दोन्ही कामं करतं. म्हणून पाठ्यपुस्तकात ‘केले असेल म्हणजे पूर्ण भविष्यकाळ’ असं वाचून गेलेलं मूल प्रत्येक ‘असेल’ला ‘विल हॅव’ लावतं.

इंग्रजीतही ‘विल हॅव’ अंदाजासाठी वापरतात. ‘द गेस्ट्स विल हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ’ म्हणजे एव्हाना पाहुणे आले असतील. ‘बाय नाऊ’ बघा : वेळ आत्ताची आहे, उद्याची नाही. रोजच्या बोलण्यात मात्र असा अंदाज ‘मस्ट हॅव’नेही सांगतात.

तेव्हा मराठी वाक्य इंग्रजीत नेण्याआधी त्यात उद्याची वेळ घालून बघा. ‘उद्या नऊच्या आत तो जेवलेला असेल’ हे भविष्य. ‘एव्हाना तो जेवला असेल’ हा अंदाज. माझ्या अनुभवात मुलांनी ‘जेवला असेल’ऐवजी ‘जेवून झालेलं असेल’ म्हणायची सवय लावली, तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. ‘ऊन झालेलं असेल’ म्हटलं की काम हातावेगळं झाल्याचा अर्थ आपोआप मनात येतो.

आता बाबांच्या झोपेकडे

वर दिलेल्या वाक्यावर हीच चाचणी लावा. ‘रात्री अकराला बाबांचं झोपून झालेलं असेल.’ हसू येतं, कारण अर्थ उलटा झाला. म्हणजे इथे पूर्ण भविष्यकाळ नको, असं मराठीच सांगतेय. मग ‘झोपला असेल’ हे रूप पूर्ण झाल्यासारखं का दिसतं?

कारण मराठीत ‘झोपणे’ या क्रियापदात झोपेत शिरणंही येतं. झोपेत शिरून झालं की आपण म्हणतो, ‘झोपला’. त्यानंतर तो झोपेतच असतो, म्हणून ‘झोपला आहे’ म्हणजे या क्षणी तो झोपेत आहे. इंग्रजीत ‘स्लीप’ हे झोपेत असण्याचं नाव आहे. झोपेत शिरण्याला वेगळे शब्द आहेत : ‘फॉल अस्लीप’. म्हणून ‘स्लीप’ पूर्ण झालं म्हणजे झोप संपली.

मग दोन बरोबर उत्तरं तयार होतात. अकरा वाजता ते झोपेत असतील, हे सांगायचं असेल तर :

```
At 11 pm, my father will be sleeping.
```

अकराच्या आत त्यांना झोप लागलेली असेल, हे सांगायचं असेल तर :

```
By 11 pm, my father will have fallen asleep.
```

असं वागणारी मराठी क्रियापदं बरीच आहेत आणि ती रोजचीच आहेत. ‘बसला असेल’ : बसण्याची क्रिया झाली आणि माणूस बसलेलाच आहे, म्हणून ‘विल बी सिटिंग’. ‘पैठणी नेसली असेल’ : अंगावर पैठणी आहे, म्हणून ‘विल बी वेअरिंग अ पैठणी’. ‘हातात छत्री धरली असेल’ म्हणजे ‘विल बी होल्डिंग अ‍ॅन अम्ब्रेला’. ‘भिंतीला टेकला असेल’ म्हणजे ‘विल बी लीनिंग’. मराठीत सगळीकडे ‘ला’ आणि ‘ली’ दिसतंय, तरी इंग्रजीत सगळीकडे ‘आयएनजी’ येतंय.

यातलं वस्त्राचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. लग्नाला मुहूर्त साडेअकराचा आहे आणि काकू साडेदहाला साडी नेसायला बसतात. पावणेअकराला नेसणं चालू आहे : ‘शी विल बी पुटिंग ऑन हर सारी’. अकराला नेसून झालं : ‘शी विल हॅव पुट ऑन हर सारी’. साडेअकराला अक्षता पडताना साडी अंगावर आहे : ‘शी विल बी वेअरिंग हर सारी’. मराठीत तीनही वेळा ‘नेसणे’च. इंग्रजीने नेसण्याची क्रिया आणि नेसलेलं असणं वेगळं केलंय, म्हणून आपल्याला आधी ठरवावं लागतं की बोलणं क्रियेबद्दल आहे की स्थितीबद्दल.

याच्या उलट टोकाला ‘नो’, ‘ओन’, ‘बिलीव्ह’, ‘बिलाँग’ अशी क्रियापदं आहेत. ती मुळातच स्थितीची आहेत आणि त्यांना ‘आयएनजी’ सहसा लावत नाहीत. ‘बाय मंडे आय विल बी नोइंग द रिझल्ट’ हे आपल्याकडच्या इंग्रजीत सर्रास ऐकू येतं, पण उत्तरपत्रिकेत ते चूक धरलं जाईल. तिथे साधं ‘आय विल नो’ लिहा. मराठीतही आपण ‘मला माहीत होत असेल’ म्हणत नाही, ‘माहीत असेल’ म्हणतो. इथे मराठी आपल्या मदतीला धावून येते.

एक पूर्ण प्रश्न सोडवून बघू

प्रश्नपत्रिकेत बऱ्याचदा एखाद्याचा दिवस दिलेला असतो. समजा मावशी शनिवारी पुण्याहून मुंबईला एका परीक्षेसाठी जाणार आहे. वेळा सरावासाठी धरल्या आहेत.

```
7:15 - 10:25   train, Pune to Mumbai
11:00 - 1:00   exam
1:30 - 2:15    lunch
5:10 - 8:25    train, Mumbai to Pune
```

प्रश्न पहिला : नऊ वाजता ती काय करत असेल? नऊची खूण पहिल्या जाड भागाच्या मधोमध पडते. ‘शी विल बी ट्रॅव्हलिंग टु मुंबई.’ मराठीत कुणी ‘नऊला ती गाडीत बसली असेल’ असं म्हणालं, तरी वर बघितल्याप्रमाणे उत्तर ‘सिटिंग’च येईल.

प्रश्न दुसरा : साडेदहापर्यंत काय झालेलं असेल? गाडी १०:२५ ला पोहोचते, खूण पाच मिनिटांनी पुढे आहे. ‘शी विल हॅव रीच्ड मुंबई.’ इथे एक बारीक गोष्ट. ‘पोहोचणे’ हे एका क्षणाचं काम आहे, त्याचा जाड भाग नसतो, नुसता ठिपका असतो. म्हणून खूण त्याच्या आत पडतच नाही. १०:२० ला ‘द ट्रेन विल बी अराइव्हिंग’ म्हटलं तर गाडी फलाटाकडे येत असेल, अगदी पोहोचायच्या बेतात असेल, असा अर्थ होतो.

प्रश्न तिसरा : एक वाजून वीस मिनिटांनी? मुलं अडतात ती इथे, कारण खूण दोन जाड भागांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. परीक्षा वीस मिनिटांपूर्वी संपली, जेवण दहा मिनिटांनी सुरू होणार. मग दोन्ही सांगा :

```
At 1:20, she will have finished the exam,
but she won't have started lunch yet.
```

वेळेपुढे ‘अ‍ॅट’ आहे आणि तरी ‘विल हॅव’ आलं, हे लक्षात घ्या. ‘अ‍ॅट म्हणजे चालू, बाय म्हणजे पूर्ण’ असं पाठ केलेलं मूल इथे हमखास गुण गमावतं. ‘अ‍ॅट’ फक्त घड्याळाची वेळ सांगतो. त्या वेळी काम चालू आहे की झालंय, हे रेघच ठरवते.

प्रश्न चौथा : मुलगा आठ वाजता फोन करेल तेव्हा? ‘व्हेन हर सन कॉल्स अ‍ॅट एट, शी विल बी ट्रॅव्हलिंग बॅक.’ मुलाचा फोन भविष्यातला आहे, तरी ‘विल कॉल’ लिहायचं नाही. ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘बाय द टाइम’ यांच्या मागून येणाऱ्या भागात इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते. मराठीत आपण ‘तू येशील तोपर्यंत’ म्हणतो, म्हणून हात ‘बाय द टाइम यू विल कम’कडे वळतो. पण मराठीतच दुसरं रूप आहे, ‘तू येईपर्यंत’. त्यात ‘येशील’चं भविष्य नाही. मनात हे रूप धरलं की ‘बाय द टाइम यू कम’ सहज येतं :

```
By the time you come, we will have eaten.
```

आकडे मोजायचे प्रश्न

काही प्रश्नांत वेळेसोबत मोजमाप दिलेलं असतं, आणि ते नीट सोडवलं तर पूर्ण भविष्यकाळ खरा कळतो. एक मुलगा रोज ३० पानं वाचतो. पुस्तक २४० पानांचं आहे. सोमवारी सुरुवात केली. शुक्रवारी रात्री काय स्थिती असेल?

सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, म्हणजे १५० पानं. पुस्तक संपायला आठ दिवस लागतील, म्हणजे ते पुढच्या सोमवारी संपेल. आता गंमत बघा. शुक्रवारी पुस्तक वाचणं चालूच आहे, पण १५० पानं वाचून झालेली आहेत. पुस्तकाबद्दल बोललात तर काम अपुरं, पानांबद्दल बोललात तर पूर्ण :

```
By Friday night he will have read 150 pages,
but he won't have finished the book.
```

वाक्यात ठरावीक आकडा आला, म्हणजे इतकी पानं, इतके किलोमीटर, इतकी पत्रं, की तेवढा भाग पूर्ण झालेला असतो आणि ‘विल हॅव’ लागतं. ‘ही विल बी रीडिंग १५० पेजेस’ लिहिलं तर अर्थच बिघडतो.

आकडा कामाचा नसून काळाचा असेल आणि काम अजून चालू असेल, तर तिसरं सूत्र लागतं : ‘विल हॅव बीन’ आणि ‘आयएनजी’. याचं एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. २०३० सालच्या त्याच तारखेला तिची शंभर वर्षं भरतील. वर्षं पूर्ण होण्यावर भर असेल तर ‘विल हॅव कंप्लीटेड अ हंड्रेड इयर्स’. गाडी शंभर वर्षं धावतेच आहे, असं म्हणायचं असेल तर :

```
On 1 June 2030, the Deccan Queen
will have been running for 100 years.
```

हे तिसरं सूत्र ‘फॉर’ आणि कालावधी यांच्यासोबत येतं, आणि काम त्या दिवशीही चालू असतं. शालेय सरावात ते कमी विचारतात. पण ‘फॉर’ दिसला की थांबून एकदा बघावं.

उत्तर तपासताना

लिहून झालेलं प्रत्येक उत्तर मराठीत उलटं आणा, पण नुसतं ‘असेल’ लावून नको. ‘विल हॅव’चं वाक्य ‘ऊन झालेलं असेल’ लावून वाचा. ‘विल बी’चं वाक्य ‘त्या वेळी फोन केला आणि काय चाललंय विचारलं’ अशी कल्पना करून वाचा. ‘बाबा झोपलेत’ हे त्या फोनला योग्य उत्तर आहे, म्हणून ‘स्लीपिंग’. ‘गाडी पोहोचली’ हे काय चाललंय याचं उत्तर होत नाही, काय झालं याचं होतं, म्हणून ‘रीच्ड’. ‘पोहोचणे’, ‘निघणे’, ‘येणे’ यांना ‘ऊन झालेलं’ नीट लागत नाही, तिथे ही फोनची चाचणीच वापरा.

‘ऑलरेडी’, ‘येट’ आणि ‘स्टिल’ हे छोटे शब्दही चुगली करतात. गाळलेल्या जागेच्या आसपास ‘स्टिल’ असेल तर काम बहुधा अजून चालू आहे : ‘विल स्टिल बी वर्किंग’. ‘ऑलरेडी’ असेल तर बहुधा उरकलंय : ‘विल ऑलरेडी हॅव लेफ्ट’. ‘येट’ शेवटी असेल तर वाक्य बहुधा नकारार्थी आहे. हे फक्त इशारे आहेत. रेघ आणि इशारा जुळत नसतील, तर रेघ पुन्हा काढा, कारण बहुतेक वेळा कामाची सुरुवात किंवा शेवट चुकीच्या ठिकाणी मांडलेला असतो.

त्या मुलीने नंतर वहीत बाबांचं वाक्य खोडलं नाही. त्याच्या खाली रेघ काढली, साडेदहाला ‘फॉल अस्लीप’चा ठिपका दिला, तिथून सकाळी सहापर्यंत ‘स्लीप’चा जाड भाग केला आणि अकरावर खूण केली. मग ‘विल बी स्लीपिंग’ लिहिलं. त्याच रेघेवर सातची खूण करून तिने आपण होऊन आणखी एक वाक्य लिहिलं : ‘बाय सेव्हन इन द मॉर्निंग, ही विल हॅव स्लेप्ट फॉर सेव्हन अँड अ हाफ अवर्स.’ आता ‘हॅव स्लेप्ट’ अगदी जागेवर होतं.